तळ्याचा तळ

पहाटे ५.३०

धाराशिवहून तुळजापूरकडे जाणारी पहिली एसटी. मांडीवर फाइल, फाइलीत दोन पानी अर्ज, पायाशी पिशवीत दुर्बीण, वही आणि पाण्याची बाटली. जाळं मुद्दाम घरी ठेवलंय. ग्रामपंचायतीचा होकार मिळेपर्यंत तळ्याच्या पाण्यात हात घालायचा नाही, असं मी ठरवलेलं आहे. बांधावर उभं राहून पाखरं बघायला कोणाला विचारावं लागत नाही. पण जाळं घेऊन गेले तर गावाला आधी जाळं दिसेल आणि अर्ज नंतर.

मी प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्प आहे एका पाझर तलावातल्या जीवसृष्टीचा, जानेवारी ते जून. गाव तुळजापूर तालुक्यात, बालाघाटाच्या उतारावर. त्याचं नाव इथे लिहीत नाही, त्याचं कारण पुढे येईलच. आज तिथे ग्रामपंचायतीची मासिक सभा आहे आणि माझा अर्ज विषयपत्रिकेवर घेऊ, असं भाऊसाहेबांनी फोनवर सांगितलंय. सरकारदरबारी ग्रामसेवकाचं आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालं असलं तरी गावात ते भाऊसाहेबच.

सकाळी ७.००

बांधावर पोचले तेव्हा सूर्य नुकताच वर आला होता. हा बांध तळ्याच्या पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळी ऊन पाठीवर येतं आणि समोरची पाखरं रंगानिशी दिसतात. संध्याकाळी याच जागेवरून नुसत्या काळ्या आकृत्या दिसतील आणि टिबुकली कोणती, वारकरी कोणता, यातही चूक होईल.

मोजणी एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच दमात करायची, दहा मिनिटांत. वारकरी ४६, टिबुकल्या ११, हळदी-कुंकू बदकं ६, थापट्या ९, एक पाणकावळा दगडावर पंख वाळवत. मध्येच कुत्रं भुंकलं आणि वारकऱ्यांचा थवा पाण्यावरून धावत दक्षिणेकडे सरकला. मी नेमकी त्याच बाजूला मोजत निघाले होते. अशा वेळी तोच थवा दोनदा मोजला जातो आणि आकडा फुगतो. थवा हलला की तो आकडा खोडायचा, पाच मिनिटं थांबायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. दुसऱ्या वेळी वारकरी ४१ भरले. वहीत ४१ लिहिले आणि पहिली मोजणी का टाकली, तेही लिहिलं.

एक गोष्ट खटकत होती. उत्तरेच्या काठाला एकही शेकाट्या नव्हता, तुतवारही नव्हते. हे लांब पायांचे, चिखलात चोच खुपसून खाणारे पक्षी; घोटाभर पाण्याचा पसरट काठ असला तर जानेवारीत ते असायलाच हवेत. दक्षिणेला आठ शेकाटे होते. उत्तरेला मात्र पाणी काठाला सरळ भिंतीसारखं टेकलेलं दिसत होतं.

शेळ्या घेऊन एक आजोबा बांधावर चढले. उस्मानाबादी शेळ्या, काळ्याभोर, कान लोंबते.

“काय मोजायलीस, माय?”

“पाखरं, आजोबा. तळ्यातल्या जिवांचं सर्वेक्षण करायचंय. ग्रामपंचायतीकडं अर्ज घेऊन आलेय.”

त्यांनी काठी जमिनीत रोवली. “सर्वे म्हन की मग. जमीन जानार हाय का?”

मी हसले नाही, कारण ते अजिबात हसत नव्हते. पवनार ते पत्रादेवी शक्तिपीठ महामार्ग जाहीर झाल्यापासून या जिल्ह्यात ‘सर्वे’ हा शब्द दगडी खुणा, गट क्रमांक आणि नोटिशीचा झाला आहे. माझ्या अर्जात तो शब्द विषयाच्या ओळीतच होता, ठळक अक्षरात.

मी उत्तरेच्या काठाकडे बोट दाखवून विचारलं, तिकडं पाखरं का बसत नाहीत? त्यांनी लगेच सांगितलं. “तिथं खड्डे हायेत. गाळ काढला तवाचे. वरून दिसत न्हाईत, पाय टाकला की गेलं मानूस. पाखराला बी पाय टेकाया जागा न्हाई.”

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना मला वाचून माहीत होती. उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या तळ्यातून शेतकऱ्यांनी गाळ उचलायचा आणि शेतात टाकायचा. तळ्यात पाणी जास्त मावतं, शेताला काळी माती मिळते. पण पोकलेन जिथे सोयीचं तिथे सरळ खाली उतरतं. मग पसरट काठ जातो आणि त्याच्या जागी उभ्या कडेचे खड्डे राहतात, पावसानंतर पाण्याखाली दडलेले. माझ्या अर्जातला पाण्याचे नमुने घेण्याचा पहिला बिंदू त्याच उत्तर काठावर होता. उपग्रहाच्या चित्रावर ती जागा छान दिसली होती.

सकाळी ८.४५

स्टँडवरच्या हॉटेलात चहा, आणि पेनाने अर्जाची दुरुस्ती. येळवस होऊन आठवडाच झाला होता. बाजूच्या बाकावर आंबील कुणाची आंबट झाली आणि भज्जीत यंदा हरभरा कोवळा कसा मिळाला, याची चर्चा चालू होती. मी ‘सर्वेक्षण’ खोडून ‘तळ्यातील जिवांची नोंद’ केलं. ‘नमुना संकलन’ खोडलं आणि किती पाणी नेणार ते लिटरमध्ये लिहिलं. ‘स्थानिक सहकार्य अपेक्षित’ ही ओळ पूर्ण काढून टाकली. कोणाचं, कशासाठी, किती वेळ, किती रुपये, यातलं काहीच त्या ओळीत नव्हतं.

सकाळी १०.३०

भाऊसाहेबांनी अर्ज वाचला आणि पहिलाच प्रश्न असा विचारला, ज्याचं उत्तर मी काढून ठेवायला हवं होतं: “तळं कुणाचं?”

मी म्हणाले, गावाचं.

“गावाचंच म्हणतात. पण कागद काय म्हणतो?”

हा पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळातल्या कामांपैकी. मराठवाड्यातले कितीतरी तलाव त्या वर्षी खडी फोडत, माती वाहत लोकांनी उभे केले. काम गावानं केलं, पण मालकी गावाची झाली असं नाही. या तलावाचा बांध आणि बुडीत क्षेत्र जिल्हा परिषदेच्या जलसंधारण विभागाकडे आहे. मासेमारीचा ठेका एका मच्छीमार सहकारी संस्थेकडे आहे. खालच्या बाजूला गावाची नळपाणी विहीर आहे, तिला याच तलावाचा पाझर मिळतो, ती ग्रामपंचायतीची. म्हणजे एका पाण्यावर तीन हक्क. ग्रामपंचायतीचा ठराव हवाच, पण त्याच्या जोरावर मी ठेकेदार संस्थेच्या माशांना हात लावू शकत नाही, आणि विभागाला कळवलं नाही तर उद्या कोणीही बांधावरून हाकलू शकतं. भाऊसाहेबांनी अर्जाखाली ‘प्रत माहितीस्तव’ लिहून दोन नावं वाढवायला लावली.

मग मी जैवविविधता व्यवस्थापन समितीचं विचारलं. जैविक विविधता कायदा २००२ च्या कलम ४१ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत ही समिती असते आणि गावाची लोक जैवविविधता नोंदवही लोकांना विचारून तयार करणं हे तिचं मुख्य काम. समिती कागदावर होती. नोंदवहीही होती, कपाटात, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये. कुठल्याशा संस्थेनं करून दिलेली. तळ्याच्या पानावर माशांच्या रकान्यात तीन नावं होती, रोहू, कटला, मृगळ, म्हणजे फक्त ठेक्यासाठी सोडलेलं बीज. पक्ष्यांच्या रकान्यात मोर, चिमणी, कावळा. पाणपक्षी एकही नाही.

मला ते पान बघून वाईट वाटलं. आणि त्याच क्षणी अर्जाला जे हवं होतं ते सापडलंही. माझ्या कामातून गावाला काय मिळणार, याचं उत्तर ते रिकामं पान होतं.

दुपारी १२.००

शाळेशेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे अर्ज नव्याने टाइप केला. पत्ता, सही आणि आवक क्रमांक सोडून तो असा झाला:

*विषय: तळ्यातील जिवांची नोंद करण्यास परवानगी व गावातील दोन व्यक्तींची मदत मिळणेबाबत.*

*मा. सरपंच,*

*मी एम.एस्सी.ची विद्यार्थिनी असून जानेवारी ते जून या सहा महिन्यांत, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी ६.३० ते १०.३०, आपल्या पाझर तलावावर येऊ इच्छिते. या कामाचा जमीन मोजणीशी, रस्त्याशी किंवा कोणत्याही प्रकल्पाशी संबंध नाही.*

*मी काय करणार: बांधावरून व काठावरून पक्षी मोजणार. तीन ठिकाणी पाणी तपासणार व प्रत्येक ठिकाणचे २ लिटर पाणी सोबत नेणार. प्रत्येक ठिकाणी ५० लिटर पाणी बारीक कापडी जाळीतून गाळून परत तळ्यात सोडणार. जाळीत उरलेले साधारण १०० मिलिलिटर पाणी सूक्ष्म जीव पाहण्यासाठी नेणार. काठावरचे किडे हातजाळीने ट्रेमध्ये घेऊन, मोजून, फोटो काढून तिथेच सोडणार. पाणवनस्पतीची प्रत्येक जातीची एकच फांदी नेणार.*

*मी काय करणार नाही: मासे पकडणार नाही. मच्छीमार संस्थेने स्वतःसाठी पकडलेले मासे त्यांच्या संमतीने फक्त पाहणार व त्यांचे फोटो काढणार. कासव, घोरपड किंवा साप यांना हात लावणार नाही. तपासणीची रसायने तळ्यात टाकणार नाही, उरलेले सर्व परत नेणार. दुसऱ्या तळ्यावर वापरलेली जाळी धुऊन, उन्हात पूर्ण वाळवल्याशिवाय इथे आणणार नाही, म्हणजे जलपर्णीचा एखादा तुकडाही तिच्यासोबत येणार नाही.*

*कोणती मदत हवी: तळ्याचा तळ व खड्डे माहीत असलेली, पोहता येणारी एक व्यक्ती, आणि माझ्यासोबत थांबणारी गावातील एक महिला. दोघांना प्रत्येक भेटीच्या चार तासांचे मानधन मी देईन; रक्कम सभेने ठरवावी.*

*गावाला काय मिळेल: दर भेटीनंतर एक पानाची मराठी नोंद जैवविविधता समितीकडे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत संपूर्ण यादी वाचून दाखवीन. लोकांनी सांगितलेली स्थानिक नावे, सांगणाऱ्याची इच्छा असल्यास त्यांच्या नावासह, गावाच्या नोंदवहीत उतरतील. जिथे मासे किंवा कासवे अंडी-पिल्ले घालतात त्या जागा बाहेरच्या कोणत्याही अहवालात लिहिणार नाही.*

शेवटचं वाक्य मी सर्वांत जास्त विचार करून लिहिलं. मरळ पिल्लांना राखते. लालसर पिल्लांचा गोळा पाण्याच्या वर तरंगतो आणि खाली नर-मादी पहारा देतात. ती जागा ज्याला कळली त्याला एका फेकीत सगळं कुटुंब मिळतं. या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही, त्याचंही कारण तेच.

परवानगीबद्दल एक शंका मला सुरुवातीला होती: राज्य जैवविविधता मंडळाकडे, म्हणजे नागपूरला, अर्ज करावा लागेल का? भारतीय नागरिकाला व्यापारी वापर नसलेल्या अभ्यासासाठी या कायद्याखाली मंडळाची पूर्वपरवानगी लागत नाही. पण परदेशी विद्यापीठाला नमुने पाठवायचे झाले तर गोष्ट वेगळी होते. म्हणून नमुने जिल्ह्याबाहेर जाणार नाहीत, ही ओळ भाऊसाहेबांसमोर हाताने वाढवली. आवक क्रमांक पडला, पोचेवर शिक्का मिळाला.

दुपारी २.००

सभा. सात सदस्य, सरपंचताई, भाऊसाहेब आणि दाराशी उभे असलेले पाच-सहा जण. नळपट्टीचा विषय दीड तास चालणार असं वाटत होतं, पण मला अर्ध्या तासात बोलावलं.

पहिला प्रश्न दाराजवळून आला, मच्छीमार संस्थेच्या माणसाकडून. “तुमी दुर्मिळ काही लिहिलं, की उद्या वनखातं येनार आन् आमची मासेमारी बंद.” मी सांगितलं की पक्षी मोजल्यानं तळं अभयारण्य होत नाही, त्यासाठी शासनाची अधिसूचना लागते, विद्यार्थ्याची यादी नाही. पण एक गोष्ट लपवणं बरोबर नव्हतं, म्हणून तीही सांगितली: मऊ पाठीचं कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ते जाळ्यात आलं तर सोडून द्यावं लागतं, मी नोंद केली तरी आणि न केली तरी. तो म्हणाला, “आमी सोडूनच देतो.” तेवढ्यावर तो प्रश्न मिटला, आणि मला आणखी एक माहिती मिळाली: या तळ्यात कासव आहे.

दुसरा प्रश्न एका सदस्य ताईंचा. “पानी तपासनार म्हनता, तर विहिरीचं पानी पिण्याजोगं हाय का ते बी सांगा.” इथे मला नाही म्हणावं लागलं. माझी तपासणी मासे-किड्यांना पाणी कसं आहे याची: तापमान, सामू, गढूळपणा, विरघळलेला प्राणवायू. काठावरच बाटलीत दोन द्रावणं घातली की तपकिरी साका बसतो. तो जितका गडद, तितका प्राणवायू जास्त. साका पांढराच राहिला तर पाण्यात प्राणवायू उरलेला नाही. पण या बाटलीतून पटकी-जुलाबाचे जंतू दिसत नाहीत. माझ्या आकड्यावर विसंबून कोणी विहिरीत टीसीएल टाकायचं थांबवलं तर ते माझ्या माथी येईल. पिण्याच्या पाण्याचे नमुने ग्रामपंचायत प्रयोगशाळेत पाठवतेच. तेच खरे धरायचे. ताईंना उत्तर आवडलं नाही, हे चेहऱ्यावर दिसत होतं. तरी त्यांनी मान हलवली.

मग त्यांनीच विचारलं, “मग सकाळीच का येता? दुपारी ऊन तरी असतं.” हा प्रश्न मला फार आवडला. रात्रभर शेवाळ, मासे, किडे, चिखलातले जिवाणू सगळेच प्राणवायू वापरतात आणि बनवत कोणीच नाही, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. दिवस वर आला की शेवाळ उन्हात तो तयार करतं आणि दुपारी आकडा चढतो. उन्हाळ्यात पाणी आटल्यावर मासे मरतात ते बहुधा पहाटेच. दुपारी मोजलं तर तळं मस्त दिसेल आणि अडचण कळणारच नाही. आणि एका महिन्याचा आकडा सकाळचा, दुसऱ्याचा दुपारचा असला तर दोन्ही एकमेकांशी ताडता येणार नाहीत.

मच्छीमार संस्थेचा माणूस हळूच म्हणाला, “मे महिन्यात पहाटं मासं वर येऊन तोंड उघडत्यात. बरोबर हाय.”

तिसरा विषय सगळ्यांत जास्त वेळ चालला: मी बुडाले तर? सरपंचताईंनी सरळ विचारलं. तळ्यात बुडून माणूस गेल्याची आठवण त्या सभेत प्रत्येकाला होती, हे मला त्यांच्या शांततेवरून कळलं. गाळ काढलेल्या खड्ड्यांमुळे पाण्याचा अंदाज लागत नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं. मी जीवरक्षक जाकीट घालेन, गुडघ्याच्या वर पाण्यात जाणार नाही, असं म्हणाले. एक सदस्य म्हणाले, गुडघ्याएवढ्या पाण्यातच खड्डा असतो, ताई, पुढचं पाऊल कुठं टाकायचं ते तुम्हाला कसं कळणार?

मग ठराव झाला. सूचक एक सदस्य, अनुमोदक त्याच ताई. परवानगी अर्जातल्या अटींवर, आणि त्यात सभेनं दोन वाढवल्या: पाण्यात एकटीनं उतरायचं नाही, आणि नमुन्याच्या तीनही जागा संस्थेच्या माणसानं दाखवल्याशिवाय ठरवायच्या नाहीत. मानधन दोघांनाही शेतातल्या रोजाच्या अर्ध्या दिवसाएवढं.

संध्याकाळी ४.१५

संस्थेचा तो माणूस मला तळ्यावर घेऊन गेला. त्यांच्या घरात चार पिढ्या मासेमारी. तराफा म्हणजे ट्रकच्या दोन ट्यूब आणि त्यावर बांधलेल्या फळ्या. सकाळच्या पकडीतले उरलेले मासे पाटीत होते: रोहू, दोन चिलापी, एक शिंगी. मी नावं लिहीत गेले आणि तळ्यात आणखी काय आहे असं विचारलं. त्यांनी नऊ नावं सांगितली, त्यातली तीन मला वैज्ञानिक नावाशी जोडता आली नाहीत. ती तशीच, त्यांच्या उच्चारात लिहून ठेवली. मासा डोळ्यांनी पाहिल्यावरच जोडेन.

मग त्यांनीच सांगितलं की त्यांचं जाळं मोठ्या भोकाचं, बोटाएवढी मासळी त्यातून निघून जाते. म्हणजे त्यांची पकड पाहून मी यादी केली तर छोटे मासे यादीत येणारच नाहीत आणि वाचणाऱ्याला वाटेल, ते तळ्यात नाहीत. “बारकी मासळी बघायची तर ओढ्याच्या तोंडाला बायका पाट्या लावतात, तिथं बघा, पहिल्या पावसात.” पहिला पाऊस जूनमध्ये. म्हणजे माझ्या सहाव्या भेटीत, आणि तोही वेळेवर आला तर. बेडकांचं प्रजनन, पावसातली मासळीची चढण हे सगळं माझ्या मुदतीच्या काठावर किंवा पलीकडे आहे. अहवालात ‘या तळ्यात इतक्या जाती आहेत’ असं मला लिहिता येणार नाही. ‘कोरड्या हंगामात इतक्या दिसल्या’ एवढंच.

त्यानंतर त्यांनी माझी वही मागितली. दोन पानं भरून तळ्याचा नकाशा काढला. आधी बांध, मग ओढा, मग जुनी बाभूळ, जी पाणी भरल्यावर अर्धी बुडते. मग पेन थांबवत, आठवत, खड्डे. उत्तरेला चार. मध्ये एक लांबट, दोन पुरुष खोल, जिथे उन्हाळ्यात शेवटचं पाणी उरतं आणि सगळे मासे त्यातच येतात. दक्षिणेचा काठ मोकळा, मऊ चिखलाचा. तिथे पोकलेन गेलंच नव्हतं, कारण पलीकडच्या शेतातून वाट नव्हती. सकाळचे आठही शेकाटे मी तिथेच पाहिले होते.

माझ्या मूळ नकाशातला उत्तरेचा बिंदू बरोबर दुसऱ्या खड्ड्याच्या कडेवर होता. तो खोडला. नवा बिंदू त्यांनी दाखवला, ओढ्याच्या तोंडाशी, जिथे तळ खडकाळ आहे आणि उभं राहता येतं. दुसरा दक्षिणेच्या चिखलात, फळीवरून. तिसरा त्या लांबट खड्ड्यावर, तराफ्यावरून.

“तिथं दोर सोडून खोली मोजू,” ते म्हणाले. “दर महिन्याला किती उतरलं ते कळंल. आमाला बी पायजे ते.”

संध्याकाळी ६.४०

परतीची एसटी. ठरावाची नक्कल दोन दिवसांत मिळेल. ती घेऊन मग जलसंधारण विभागाच्या कार्यालयात जायचं. दुसरा रविवार पाच दिवसांवर. वहीच्या शेवटच्या पानावर न्यायच्या सामानाची यादी करते आहे: जाळी, ट्रे, पांढऱ्या-काळ्या रंगाची वीस सेंटिमीटरची तबकडी, प्राणवायूच्या बाटल्या, जाकिटं दोन. आणि दहा मीटर सुती दोर, दर हातावर गाठ मारलेला, टोकाला दगड बांधायचा. नायलॉनचा नको म्हणाले, ओला झाला की हातातून सुटतो.